विषय : आत्मचरित्राच्या मांडणीचं उरलेलं मानधन – तुमच्या कालच्या मेलला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा मेल काल संध्याकाळी वाचला. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण घाईत दिलेलं उत्तर तुटक होतं आणि आपल्यात तसं काही व्हायला नको. पुस्तक हातात धरल्यासारखं वाटलं, घरातल्या सगळ्यांनी फाइल पाहिली, आईंच्या फोटोचं पान बघून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे तुम्ही आधी लिहिलंत. ते मी दोनदा वाचलं. या कामात माझाही जीव गुंतला होता.

आता मुद्द्याचं. छपाईचा खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला, म्हणून एकूण मानधनातले २५ टक्के कमी करावेत, असं तुम्ही म्हणता. सर, ते मला जमणार नाही. स्पष्ट लिहिते आहे, कारण 'बघते', 'विचार करते' असं म्हणून तुम्हाला आशेवर ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

कारण सांगते. काम सुरू होण्याआधी आपण आकडा ठरवला, तेव्हा त्यात काय काय येणार तेही लिहून घेतलं होतं. तेव्हाच तुम्ही म्हणाला असतात की हात आखडता घ्यायचा आहे, तर आपण कामाला कात्री लावली असती. ३८ जुन्या फोटोंपैकी १५च घेतले असते, प्रत्येक प्रकरणाचं पहिलं पान वेगळं सजवलं नसतं, मुखपृष्ठाचे तीन नमुने न करता एकच केला असता. मानधन उतरलं असतं आणि माझे तेवढे दिवसही वाचले असते. आता ते दिवस खर्च झालेले आहेत. त्या काळात मी दुसरं काम घेतलं नाही, आणि हे तुम्हाला माहीत होतं. शिवाय ४० टक्के आगाऊ आलेले आहेत आणि ६० बाकी आहेत. २५ कमी करायचे म्हणजे बाकी रकमेचा जवळजवळ ४२ टक्के भाग सोडायचा. मला तो परवडणारा नाही.

तुमच्या परिचितांनी सांगितलं की असं पुस्तक सॉफ्टवेअरवर दोन दिवसांत लागतं. मजकूर स्वच्छ असेल, फोटो नसतील, तर लागतंही. त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. पण तुमचं हस्तलिखित जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं होतं. ते युनिकोडमध्ये आणल्यावर कितीतरी ठिकाणचे रफार गळाले, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं, 'क्ष' आणि 'ज्ञ' मध्येच फुटले. असे शब्द एका आदेशात दुरुस्त होत नाहीत. एक बरोबर करावा तर त्यातून दुसरा बिघडतो. म्हणून मी अख्खं पुस्तक ओळीनं वाचलं. फोटोंचंही तसंच. अल्बममधून मोबाइलवर काढलेले १४ फोटो छापायला चालणारे नव्हते. ते मूळ प्रतींवरून ३०० डीपीआयला पुन्हा स्कॅन करवून घेतले, डाग आणि घड्या काढल्या. आईंच्या त्या फोटोवर चेहऱ्यातूनच घडी गेली होती. तेवढ्या एका फोटोला पूर्ण दुपार लागली.

आणि एक गोष्ट मी तेव्हा बोलले नव्हते, पण आज सांगायला हवी. आपल्या ठरावात दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या होत्या. दुसरी फेरी संपून अनुक्रमणिका पक्की झाल्यावर तुम्ही 'निवृत्तीनंतर' हे प्रकरण पाठवलंत. प्रकरण चांगलंच आहे, ते नसतं तर पुस्तक अर्धवट वाटलं असतं. पण त्यानं २०८ पानांची २१७ झाली. १६ पानांच्या फॉर्मच्या हिशेबात २०८ म्हणजे नेमके १३ फॉर्म. २१७ छापायची तर २२४चा कागद लागतो आणि शेवटची ७ पानं कोरी जातात. मी तीन प्रकरणांतल्या फोटोंच्या जागा बदलल्या, मजकूर आवळला आणि पुस्तक २१६वर आणलं, म्हणजे साडेतेरा फॉर्म. ते करताना परिच्छेदाची एकटी ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊ नये हेही पुन्हा पाहावं लागलं. कण्याची जाडी बदलली, म्हणून मुखपृष्ठही पुन्हा जुळवलं. या तिसऱ्या फेरीचे मी वेगळे पैसे लावले नाहीत आणि आताही लावणार नाही. माझ्याकडून जी सवलत देता येण्यासारखी होती, ती या रूपात दिली गेली आहे असं कृपया समजा.

कामात उणीव राहिली असती तर गोष्ट वेगळी होती. मग मी स्वतःहून रक्कम कमी केली असती. तुम्ही पृष्ठ १३१वरच्या फोटोओळीतलं चुकीचं साल दाखवलंत, ती चूक माझीच; सुधारलेली फाइल या मेलसोबत जोडली आहे. आणखी काही सापडलं तर जरूर कळवा, छपाईला जाईपर्यंत माझ्या हातून झालेली प्रत्येक चूक मी विनामूल्य दुरुस्त करीन.

एकदम रक्कम देणं जड जात असेल, तर तिथे मला नक्की मदत करता येईल. उरलेल्या ६० टक्क्यांचे दोन समान भाग करू. पहिला बिलाच्या मुदतीत, म्हणजे या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. दुसरा पुढच्या महिन्याच्या १५ला. त्यावर व्याज किंवा जास्तीचा आकार नाही. छपाईची फाइल तुमच्याकडे आहेच, तिच्यासाठी थांबू नका, छपाई सुरू करा. मूळ खुली फाइल मात्र ठरल्याप्रमाणे दुसरा भाग आल्यावर पाठवीन.

पुढचा कथासंग्रह माझ्याकडेच द्यायचा तुमचा विचार आहे, याचा मनापासून आनंद झाला. पण त्याच्या भरवशावर या पुस्तकाचा हिशेब बदलायला नको. दोन्ही कामं आपापल्या जागी राहू देत. कथासंग्रहाच्या वेळी तुम्ही आधीच खर्चाची मर्यादा सांगा, मी त्यात बसेल अशी मांडणी सुचवीन. त्यात फोटो नसतील आणि मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप करवून घेतलात, तर मानधन यापेक्षा बरंच कमी होईल. टाइप करणाऱ्यांना हे आत्ताच सांगून ठेवा.

हप्त्यांचं चालेल का, ते शुक्रवारपर्यंत कळवाल? त्याप्रमाणे लगेच सुधारित बिल पाठवते. आणि एक विनंती. खर्च आटोक्यात आणायला छापखान्यानं पातळ कागद सुचवला, तर हो म्हणण्याआधी मला एक फोन करा. आत्ताचा कणा ७० जीएसएम कागद धरून काढला आहे. कागद बदलला तर जाडी बदलते आणि कण्यावरचं नाव सरकून मुखपृष्ठावर येतं. तो बदल अर्ध्या तासाचा आहे, त्याचे पैसे नकोत. फक्त प्लेट निघण्याआधी कळायला हवं.

ताईंना नमस्कार सांगा.

कळावे,
तुमच्या पुस्तकाची मांडणीकार

सोबत : सुधारित पृष्ठ १३१, मूळ बिल