कॅज्युअल्टी ट्रायाज चार्ट: कोण आधी, किती वेळात, अन् परत कधी बघायचं

(ट्रायाज टेबलच्या मागच्या भिंतीवर लावायचा. सिस्टर, ब्रदर, इंटर्न सगळ्यांसाठी. नवीन इंटर्नने पहिल्या ड्युटीच्या आधी वाचून घ्या.)

पेशंट दारातून आत आला की आधी केसपेपर नाही, आधी पेशंट. बोलतोय का, श्वास कसा चाललाय, रक्त वाहतंय का, झटका येतोय का, एवढं चालता चालता दिसतं. यातलं काही गडबड असेल तर व्हायटल्स घेत बसू नका, सरळ रिसस बेड अन् सीएमओंना हाक. बाकीच्यांचे व्हायटल्स ५ मिनिटांच्या आत, अन् खालच्या टेबलातला जो सगळ्यात वाईट आकडा, तोच पेशंटचा रंग. पाच आकडे हिरवे अन् एक केशरी म्हणजे पेशंट केशरी.

मोठी माणसं (१२ वर्षांच्या वर)

| | लाल | केशरी | पिवळा | हिरवा |
|---|---|---|---|---|
| श्वास, मिनिटाला | १० च्या खाली, ३० च्या वर | १०-११, २५-३० | २१-२४ | १२-२० |
| सॅच्युरेशन, ऑक्सिजनशिवाय | ९० च्या खाली | ९०-९३ | ९४-९५ | ९६ अन् वर |
| नाडी | ४० किंवा कमी, १३० च्या वर | ४१-५०, १११-१३० | १०१-११० | ५१-१०० |
| वरचं बीपी | ९० च्या खाली | ९०-१००, २२० अन् वर | १०१-११०, १८०-२१९ | १११-१७९ |
| शुद्ध | फक्त चिमटा काढल्यावर हलतो किंवा काहीच नाही | हाक मारल्यावर जागा, किंवा आजच बरळायला लागला | जागा | जागा |
| ताप, फॅरेनहाइट | १०४ च्या वर | १०२.३-१०४, ९५ च्या खाली | १००.५-१०२.२, ९५-९६.७ | ९६.८-१००.४ |
| शुगर | ५४ च्या खाली | ५४-६९, किंवा मशीनवर "हाय" | ३०० च्या वर, पण पेशंट ठीक | ७०-३०० |
| डॉक्टरने बघायचं | लगेच | १० मिनिटांत | ३० मिनिटांत | २ तासांत |
| परत व्हायटल्स | मॉनिटर चालूच, दर ५ मिनिटाला लिहा | दर १५ मिनिटाला | दर ३० मिनिटाला | दर तासाला |

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. सगळ्यांचा श्वास १८ अन् २० लिहिलेला दिसतो, गर्दीत तसं होतं मला माहितीय, पण बिघडणाऱ्या पेशंटचा हाच आकडा बहुतेक वेळा सगळ्यात आधी वर जातो, अन् आपण तोच अंदाजे लिहितो. हात गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर सॅच्युरेशन फसवतं, बोट बदला नाहीतर कानाला लावा. जुन्या सीओपीडीवाल्या बाबांचं नेहमीचंच ८८-९२ असतं, त्यांना नुसत्या आकड्यावरून लाल करू नका, ८८ च्या खाली गेलं किंवा एक वाक्य पूर्ण बोलता येईना तर लाल.

नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा दिसला (नाडी ११०, बीपी १०४ असं) तर किमान केशरी. म्हातारी माणसं बीपीची गोळी घेत असतील, त्यातली काही नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळे रक्त गेलेल्या आजींची नाडी ८० आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ६५ च्या वरच्या अॅक्सिडेंटवाल्याचं बीपी ११० च्या खाली म्हणजे केशरीच.

लहान मुलं. मोठ्यांचं टेबल लावू नका. खालच्या हद्दीच्या बाहेर गेलं की केशरी, अन् मूल मलूल, दूध ओढत नाही, कण्हतंय किंवा बरगड्या आत ओढल्या जातायत तर सरळ लाल.
१ वर्षाच्या आत: नाडी ९०-१८०, श्वास २५-५०
१ ते ४: नाडी ८०-१६०, श्वास २०-४०
५ ते १२: नाडी ७०-१४०, श्वास १५-३०
सॅच्युरेशन ९२ च्या खाली कुठल्याही वयात लाल. रडणाऱ्या बाळाची नाडी धरू नका, आईच्या मांडीवर शांत झालं की परत मोजा.

आकडे चांगले दिसले तरी रंग वर न्यायचा असे पेशंट

छातीत दुखणं: केशरी, ईसीजी १० मिनिटांत. "छातीमा दुखस" म्हणणारा हात वरच्या पोटावर ठेवून दाखवतो अन् आपण गॅस समजतो, तर चाळिशीच्या वर वरच्या पोटाचं दुखणं असलं तरी ईसीजी काढाच. तोंड वाकडं, एक हात गळालेला, बोलणं अडखळतंय: लाल, अन् शेवटचं नीट कधी होता ती वेळ नातेवाइकांकडून घड्याळातली लिहून घ्या, "सकाळपासून" चालणार नाही, कारण गाठ विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते.

गरोदर बाई किंवा नुकतीच बाळंतीण, बीपी १६०/११० किंवा वर, नाहीतर झटका, नाहीतर अंगावरून भरपूर जाणं: लाल. डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येते अन् बीपी १४०/९० च्या वर: केशरी.

साप चावला: सगळे केशरी, चालत आले तरी. पापणी जड, गिळता येत नाही, आवाज बदलला किंवा कुठून रक्त येतंय तर लाल. २० मिनिटांची रक्त गोठायची टेस्ट साध्या काचेच्या स्वच्छ ट्यूबमध्ये, आल्या आल्या लावा, ट्यूब हलवून बघू नका. मण्यारचं वेगळंच असतं, शेतातल्या झोपडीत जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं, उलटी होते म्हणून येतो, चावल्याची खूण सापडत नाही अन् पापण्या मिटायला लागतात, असा पेशंट लाल. मण्यारच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला माणूस मेल्यासारखा दिसतो, बाहुल्यासुद्धा हलत नाहीत, पण तो आतून जिवंत असू शकतो, म्हणून मयत आणलाय असं दारातून कोणी बोलायचं नाही, ते ईसीजी बघून डॉक्टरच ठरवतील.

फवारणी: कपाशीचा सीझन सुरू झाला की हे वाढणारच. प्यायला असो की फवारताना अंगावर उडालेलं असो, किमान केशरी. बाहुली टाचणीएवढी, तोंडाला फेस, छातीत घरघर, नाडी मंद म्हणजे लाल. कपडे काढा, साबणपाण्याने धुवा, ग्लोव्ह्ज घालूनच. बाटली किंवा डबा आणायला एका नातेवाइकाला पिटाळा.

ऊन: एप्रिल-मेमध्ये भुसावळ-रावेरकडून केळीच्या बागेतले, वीटभट्टीवरचे मजूर येतात. अंग तापलेलं अन् बरळतोय म्हणजे लाल, घाम येतोय का नाही यावर जाऊ नका. थंडावा पहिल्या ३० मिनिटांत पाहिजे, पाणी शिंपडा अन् जोरात पंखा, काखेत-जांघेत बर्फ. क्रोसिन देऊन हा ताप उतरत नाही.

सिकल सेल: सातपुड्यातून येणारी पोरं, हातात बहुतेक वेळा कार्ड असतं. दुखणं १० पैकी ७ च्या वर म्हणजे केशरी, त्यात छाती दुखते किंवा सॅच्युरेशन ९४ च्या खाली म्हणजे लाल. "नेहमीचाच आहे" म्हणून बाकावर बसवू नका.

हायवेचा अॅक्सिडेंट: गाडी उलटली, माणूस बाहेर फेकला गेला, किंवा सोबतचा जागेवर गेला, तर बोलत आला तरी केशरी.

परत बघण्याचे नियम

वेळ झाली अन् डॉक्टर पोचले नाहीत तर व्हायटल्स परत घ्यायचे, केसपेपरवर नवीन आकडे अन् घड्याळातली वेळ. आकडा वरच्या रंगात गेला की रंग लगेच बदला, हा अधिकार सिस्टर-ब्रदरचा, कोणाला विचारायची गरज नाही. रंग खाली आणायचा असेल तर मात्र फक्त डॉक्टर, सहीसकट. आकडे तेच आहेत पण पेशंट तुम्हाला बरा वाटत नाही, तरी एक रंग वर न्या.

वेळ नसली तरी लगेच परत बघायचं: दुखणं वाढलं, उलटी झाली, नातेवाईक म्हणाले "आता बोलेना झालाय", इंजेक्शन किंवा सलाईन दिलं, एक्स-रे किंवा सीटीवरून परत आला. पेनकिलरनंतर ३० मिनिटांनी, नेब्युलायझर संपल्यावर १५ मिनिटांनी. केशरी पेशंट सीटीला एकटा मामांसोबत पाठवायचा नाही, एक इंटर्न सोबत जाईल.

हिरव्या बाकावर झोपलेला पेशंट दिसला तर त्याला उठवा. दारू प्यायलेला तर नक्कीच उठवा, शुगर बघा, डोकं चाचपा.

नगरसेवकांचा फोन, ओळखीचा पेशंट, दारात २० जणांचा घोळका, याने रंग बदलत नाही. घोळका वाढला तर सिक्युरिटी, एका पेशंटमागे एकच नातेवाईक आत.

एका वेळी ३ लाल झाले किंवा १०८ ने एकदम ५ च्या वर पेशंट आणले तर सीएमओ दुसऱ्या ऑन-कॉलला बोलावतील. तोपर्यंत एक सिस्टर फक्त ट्रायाजवर उभी राहील, तिला इंजेक्शन-ड्रेसिंगला ओढायचं नाही.

सकाळी ८, दुपारी २, रात्री ८ ला हँडओव्हर: लाल-केशरी बेडजवळ उभं राहून, पिवळे-हिरवे नाव, शेवटच्या व्हायटल्सची वेळ अन् पुढची वेळ वाचून. ज्याची वेळ हँडओव्हरमध्येच उलटून गेली त्याचे व्हायटल्स जाणाऱ्या शिफ्टने घ्यायचे अन् मगच निघायचं.