विषय: नेक्सॉन ईव्ही 45 – सातारा-शिरवळ या माझ्या रोजच्या रस्त्यावर दोन दिवसांच्या टेस्ट ड्राइव्हसाठी विनंती (9 ते 12 जुलै)

मा. विक्री व्यवस्थापक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी मी आणि माझी पत्नी आपल्या साताऱ्यातल्या शोरूमला येऊन गेलो. आपले प्रतिनिधी रोहित यांनी टाटा नेक्सॉन ईव्हीचं 45 युनिटच्या बॅटरीचं मॉडेल आम्हाला नीट दाखवलं, घाई केली नाही, आणि एका प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं तेव्हा "विचारून सांगतो" असं म्हणून संध्याकाळी खरोखर फोन केला. त्यामुळेच हा मेल आपल्याला लिहितोय.

गाडी आम्हाला आवडली आहे. फक्त बुकिंगची रक्कम भरण्याआधी ती माझ्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या माणसांसह, लागोपाठ दोन कामाचे दिवस चालवून पाहायची आहे. बुधवार 9 जुलैला संध्याकाळी 6 वाजता गाडी घ्यावी आणि शनिवार 12 जुलैला सकाळी 10 वाजता परत आणून द्यावी, अशी माझी विनंती आहे. एवढी मुदत का मागतोय, ते सविस्तर लिहितो.

मी शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. राहायला साताऱ्यात, शाहूपुरीत. जाऊन-येऊन रोज साधारण 120 किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस. गाडीत मी एकटा नसतो, आणखी तीन सहकारी असतात आणि डिझेलचा खर्च आम्ही चौघं वाटून घेतो. माझी सध्याची गाडी अकरा वर्षांची झाली आहे, दिवसाला जवळपास सात लिटर डिझेल पिते. म्हणजे ही खरेदी माझी असली तरी चार घरांचं रोजचं वेळापत्रक तिच्यावर अवलंबून राहणार आहे. सकाळची शिफ्ट 7 वाजता लागते. गाडी एक दिवस दगा देऊन गेली तर चौघांची रजा पडते.

आता रस्त्याबद्दल. जाताना आनेवाडी टोल, भुईंज, सुरूर, मग खंबाटकीचा बोगदा आणि पुढे खंडाळ्याकडे उतार. येताना मात्र बोगदा नाही, पूर्ण घाट चढून यावं लागतं. नव्या बोगद्यांचं काम सुरू आहे, ते होईल तेव्हा होईल. मला गाडी आत्ता घ्यायची आहे. त्यातून पावसाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून वाई-महाबळेश्वरकडे निघालेल्या गाड्या त्याच घाटात येतात. गेल्या वर्षी अशाच एका शुक्रवारी आम्ही पहिल्या वळणापासून माथ्यापर्यंत दोन तासांहून जास्त वेळ अडकलो होतो. पुढे मालाचा ट्रक, मागे एसटी, पाऊस धो-धो, काचा बंद, आत चार माणसांच्या श्वासाने धुरकटलेली काच आणि ती पुसायला एसी चालू. माझ्या पत्नीचा पहिला प्रश्न हाच होता, "अशा वेळी बॅटरी संपली तर?" मी तिला समजावलं की थांबलेल्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर वीज खात नाही, फक्त एसी, दिवे आणि वायपर खातात. तिला ते पटलं. पण चढावर दहा-दहा फूट सरकत जाताना किती टक्के जातात, हे तिला आकड्यात दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. शुक्रवार या दोन दिवसांत असावा, हा आग्रह त्यासाठी.

कंपनीने या मॉडेलची प्रमाणित रेंज 489 किलोमीटर सांगितली आहे आणि प्रत्यक्ष वापरात साधारण 350 ते 370 किलोमीटर मिळतील असंही तीच सांगते. हा दुसरा आकडा वेगळा सांगितला, हे मला प्रामाणिकपणाचं वाटलं. तरी माझा रस्ता सरासरी रस्ता नाही. हायवेला 80 ऐवजी 100 ने गेलं की हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो. चार माणसं आणि त्यांच्या बॅगा धरून गाडी 1800 किलोच्या आसपास जाईल. एवढं वजन 100 मीटर उंच चढवायला, बाकी काही न धरता, अर्धा युनिट लागतो. उतारावर त्यातला काही भाग रिजेनमधून परत मिळेल, पण किती, ते प्रत्येक रस्त्यावर वेगळं. माझा कागदावरचा अंदाज दिवसाला 18 ते 20 युनिटचा आहे. तो 20 निघाला तर मी निर्धास्त. 26 निघाला तर माझं घरच्या चार्जिंगचं सगळं गणित बदलतं.

घरचं चार्जिंग ही माझ्यासाठी रेंजहून मोठी गोष्ट आहे. पार्किंगमध्ये माझ्या मीटरवरून 15 अँपिअरचा सॉकेट काढून घेतला आहे, वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग तपासलेलं. त्यावर तासाला तीन युनिटच्या जवळपास वीज घेता येईल. संध्याकाळी साडेसातला गाडी लावली आणि पहाटे साडेपाचला काढली, तर दहा तासांत दिवसभराचा खर्च भरून निघायला हवा. पण आमच्याकडे पावसाळ्यात रात्री लाइट जाते. लाइट परत आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होतं का, की कोणी उठून पुन्हा सुरू करावं लागतं? रोहित यांनाही मी हे विचारलं होतं. शोरूममध्ये याचं उत्तर तोंडी मिळेल. मला मात्र माझ्या सॉकेटवर, मेन स्विच पाडून, स्वतः पाहायचं आहे. गाडी रात्री माझ्या दारात असावी असं म्हणतोय ते यासाठी. दिवसा चार तास गाडी मिळाली तर ती निम्मीच तपासून होते.

एक अनुभव सांगतो. दुसऱ्या एका शोरूममध्ये, दुसऱ्याच गाडीची टेस्ट ड्राइव्ह मी घेतली होती. पंधरा मिनिटं, सपाट रस्ता, एक यू-टर्न आणि परत. घाटात रेंज कशी उतरते विचारलं, तर "सर, काही टेन्शन नाही" एवढंच उत्तर तीन वेळा मिळालं. त्या माणसावर माझा राग नाही. पण दहा वर्षांसाठी घेतलेल्या निर्णयाला पंधरा मिनिटं फार कमी आहेत, आणि डोक्यात शंका ठेवून मी सही करणार नाही.

या दोन दिवसांत मी काय पाहणार, तेही मोकळेपणाने लिहितो. गुरुवारी इको मोडमध्ये, 80 च्या आत, एसी गरजेपुरता. शुक्रवारी रोज चालवतो तशी, सिटी मोडमध्ये, एसी पूर्ण वेळ. दोन्ही दिवशी घर, सुरूर, बोगद्याचं तोंड, कारखाना आणि येताना घाटाचा माथा या ठिकाणी बॅटरीचे टक्के वहीत लिहीन. खंडाळ्याकडच्या उतारावर रिजेनच्या वेगवेगळ्या पातळ्या वापरून ब्रेकला किती कमी हात लावावा लागतो ते बघेन. त्या उतारावर ब्रेक तापलेल्या गाड्यांचा वास रोज येतो, म्हणून याची मला विशेष उत्सुकता आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रिजेन कमी मिळतं हे मला माहीत आहे, पण बोगद्यापर्यंत पस्तीस-एक किलोमीटर झालेले असतील, तेव्हा अडचण येऊ नये. आमचे एक सहकारी सहा फूट उंच आहेत. बॅटरी तळाला असल्यामुळे मागच्या सीटवर गुडघे थोडे वर येतात असं शोरूममध्ये पाच मिनिटं बसूनच त्यांना जाणवलं. एक तास बसून मांड्या भरून येतात का, हे तेच सांगतील. शनिवारी सकाळी पत्नी गाडी आमच्या बोळातून एकदा काढेल आणि लावेल, मग मी ती आपल्याकडे घेऊन येईन.

सगळं मिळून 270 किलोमीटरच्या आत वापर होईल. याशिवाय गाडी कुठेही जाणार नाही, आणि माझ्याशिवाय व त्या एका वेळी पत्नीशिवाय कोणी चालवणार नाही. दोघांच्या लायसन्सच्या प्रती, माझं आधार आणि कारखान्याचं ओळखपत्र मी आधीच आणून देतो. परत मिळण्याजोगी अनामत रक्कम आपण सांगाल ती भरेन, तिची पावती मात्र हवी. येता-जाताचा टोल आणि घरच्या चार्जिंगचा खर्च माझा. रात्री गाडी कुलूपबंद पार्किंगमध्ये राहील. देताना आणि घेताना चारही बाजूंचे फोटो दोघांनी मिळून काढू, म्हणजे ओरखड्यावरून पुढे वाद नको.

आपल्याकडून एवढं कळवावं. डेमो गाडीची कायम नोंदणी झालेली आहे का आणि तिचा विमा माझ्यासारख्या ग्राहकाने चालवताना लागू होतो का? काही नुकसान झालंच तर विम्यात न बसणारी किती रक्कम मला भरावी लागेल, तो आकडा लेखी हवा. गाडीसोबत 15 अँपिअरचा पोर्टेबल चार्जर मिळेल ना, आणि गाडी देताना बॅटरी 90 टक्क्यांच्या वर असेल ना, हेही सांगावं. टायरमधली हवा मी स्वतः तपासून घेईन, त्यावरही युनिटचा हिशोब हलतो.

रोहित यांना एखाद्या दिवशी सोबत यायचं असेल तर पाचवी जागा रिकामी आहे आणि दुपारचं जेवण आमच्या कँटीनला. खरं तर त्यांनी यावंच असं मला वाटतं. सातारा-शिरवळ रोज करणारे आमच्यासारखे बरेच लोक आहेत, आणि ते आपल्याकडे आले की हेच प्रश्न विचारतील. माझ्या वहीतले आकडे, चांगले असोत वा वाईट, मी आपल्याला जसेच्या तसे देईन.

पूर्ण अडीच दिवस गाडी मोकळी ठेवणं शक्य नसेल, तर निदान गुरुवार 10 तारखेच्या संध्याकाळपासून शनिवारी सकाळपर्यंत तरी द्यावी, म्हणजे एक रात्र घरी चार्जिंग आणि शुक्रवारचा पूर्ण फेरा होईल. त्याहून कमी वेळात माझा प्रश्न सुटणार नाही, तेव्हा मग मी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला तयार आहे. आपल्या सोयीचा बुधवार ते शनिवार कळवावा.

आकडे माझ्या अंदाजाच्या आसपास आले, तर त्याच शनिवारी बुकिंग करण्याची आमची तयारी आहे. बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे, जुन्या गाडीचं मूल्यांकनही तेव्हाच करून घेता येईल. रंगाबद्दल घरात अजून एकमत नाही, ते तोवर होईल.

सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं तर सहकाऱ्यांना तसं सांगता येईल. फोन करणार असाल तर दुपारी 12:30 ते 1 किंवा संध्याकाळी 5 नंतर करावा, कामाच्या जागी फोन जवळ ठेवता येत नाही. माझा नंबर रविवारी भरलेल्या फॉर्मवर आहे.

कळावे,
आपला,
मिलिंद जाधव
शाहूपुरी, सातारा
3 जुलै 2025