स्ट्रॅटेजी कॅनव्हास: इचलकरंजीतला परवडणारा दातांचा दवाखाना. इतर दवाखान्यांच्या तुलनेत आपण काय काढायचं, कमी करायचं, वाढवायचं आणि नव्याने आणायचं, त्याचा हा आराखडा.

पेशंट: यंत्रमाग कामगार आणि त्यांच्या घरचे. दुखणं असह्य झाल्याशिवाय न येणारे, आणि आले की "काढूनच टाका डॉक्टर" म्हणणारे.

काढून टाका: इम्प्लांट, ब्रेसेस, स्माईल डिझाइन, शोभेची वेटिंग रूम.

कमी करा: रूट कॅनालच्या फेऱ्या. एक फेरी म्हणजे एक खाडा. जमेल तिथे एकाच बैठकीत. पू असेल तर मात्र घाई नको.

वाढवा: निर्जंतुकीकरण. इथे एक रुपयाही वाचवायचा नाही. पाकिटातल्या हत्यारांना ऑटोक्लेव्ह 121 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं. हत्यारांचं सीलबंद पाकीट पेशंटसमोरच फोडायचं, रंग बदललेली खूण त्याला दाखवायची. स्वस्त म्हणजे अस्वच्छ, ही शंका खुर्चीतच मिटली पाहिजे.

नव्याने आणा: पाळी सुटल्यावर येता यावं म्हणून रात्री 10 पर्यंत दवाखाना. दरपत्रक दारावर. आठवड्याच्या पगारावर बिनव्याजी हप्ता. मावा खाणाऱ्या प्रत्येकाची मोफत तोंडतपासणी: पांढरा चट्टा आहे का, तोंडात तीन बोटं उभी मावतात का. माझ्या मते दवाखान्याची खरी ओळख हीच.

आमचा अंदाज, 5 पैकी गुण (इतर/आपण): सजावट 4/1, उपचारांची यादी 5/2, दिसणारी स्वच्छता 2/5, वेळेची सोय 1/5.