तीन हजार कार्षापणांचे व्याज: भिक्षू, विणकर आणि गृहस्थ

संन्यासी म्हणजे घरदार सोडून समाजाबाहेर पडलेला माणूस, असे आपण सहज म्हणून जातो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात शक क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो वाचल्यावर हे म्हणणे अवघड होते. लेखात बेचाळिसावे वर्ष नोंदले आहे. ते शकाचे धरले, तर इ.स. 120.

लेणे बौद्ध भिक्षुसंघाला देऊन उषवदात थांबला नाही. त्याने 3000 कार्षापण नाण्यांची 'अक्षयनीवी', म्हणजे कायमची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, ठेवली. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. 2000 कार्षापणांवर महिन्याला शेकडा एक, उरलेल्या 1000 वर शेकडा पाऊण. या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते. हिशेब करून पाहावा: 2000 चे वर्षाचे व्याज 240 आणि वीस बारे 240. एक नाणेही शिल्लक राहत नाही. दानशूरपणाच्या कथांपेक्षा हा चोख हिशेब मला अधिक बोलका वाटतो. अपरिग्रही भिक्षूच्या अंगावरचे वस्त्र विणकरांच्या चालत्या धंद्यातून येत होते, आणि हा करार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, जाहीर करून फलकावर नोंदवला होता.

आता दुसरी बाजू. घर सोडायचे, तर तेही घरच्यांना विचारून. बुद्धाचा मुलगा राहुल याला प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, दिल्यावर बुद्धाचे वडील शुद्धोदन यांनी तक्रार केली आणि आई-वडिलांच्या परवानगीशिवाय प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला, असे भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक सांगतो. कर्जदार, दास आणि राजाच्या चाकरीतले सैनिक यांनाही मज्जाव होता. म्हणजे सावकार, मालक आणि राजा यांचा हक्क संघाने मान्य केला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा रोख तर सरळ दंडावर आहे: बायकामुलांची तरतूद न करता संन्यास घेणाऱ्याला दंड. मनुस्मृतीही तीन ऋणे फेडल्याशिवाय मोक्षाकडे वळू देत नाही.

मात्र यावरून भिक्षू गृहस्थाचा मिंधा होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. संघाकडे एक वेगळेच हत्यार होते: पात्र पालथे घालणे. वड्ढ लिच्छवी या गृहस्थाने दब्ब मल्लपुत्र या भिक्षूवर खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने त्याच्याविरुद्ध पात्र पालथे घातले. त्याच्या घरची भिक्षा आता कोणी घेणार नव्हते. बुद्धाचा शिष्य आनंद याच्याकडून हे कळताच वड्ढ बेशुद्ध पडला. आपले दान कोणी घेत नाही, म्हणजे पुण्याची वाटच बंद. शुद्धीवर आल्यावर ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी तो बुद्धाकडे गेला, चूक कबूल केली, आणि मगच संघाने पात्र पुन्हा सुलटे केले.