विद्यार्थी व्हिसाच्या अर्जासोबतचे सुधारित पत्र

औसा रोड, लातूर
दि. 4 जुलै 2025

प्रति,
व्हिसा विभाग,
जर्मन महावाणिज्य दूतावास, मुंबई

विषय: स्टुटगार्ट विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी राष्ट्रीय व्हिसा. 9 जूनच्या पत्राऐवजी हे पत्र विचारात घेण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी, मृणाल दत्तात्रय शेवाळे, वय 24, राहणार लातूर. माझ्या अर्जाच्या पूर्वतपासणीनंतर अभ्यासाचा हेतू, खर्चाची तरतूद आणि परतीचा बेत या तीन गोष्टींचा खुलासा मागवण्यात आला. 9 जूनचे पत्र मी एका तयार नमुन्यावरून लिहिले होते. त्यात जर्मनीच्या शिक्षणपद्धतीची स्तुती पान भरून होती, पण मी कोण, पैसे कुठून आणणार आणि शिकून काय करणार, हे धड कुठेच नव्हते. चूक माझी होती, म्हणून पत्र पुन्हा लिहिले आहे.

हे मूळ पत्र मराठीत आहे, कारण खर्चाची हमी माझे वडील देत आहेत आणि ते न वाचता कशावरही सही करत नाहीत. प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत आहे.

मला स्टुटगार्ट विद्यापीठाच्या वॉटर रिसोर्सेस इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट (WAREM) या इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला आहे. चार सेमिस्टर, 120 क्रेडिट, सुरुवात ऑक्टोबर 2025 मध्ये. शेवटचे सेमिस्टर प्रबंधाचे असते. सप्टेंबर 2027 पर्यंत तो सादर करायचा, असे माझे वेळापत्रक आहे.

हाच विषय का, ते माझ्या कामावरून सांगते. 2022 साली छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून मी स्थापत्यची पदवी घेतली (सीजीपीए 7.82. तिसऱ्या सेमिस्टरला गणित राहिले होते, ते पुढच्याच परीक्षेत निघाले. गुणपत्रकात दिसेलच, म्हणून आधीच सांगते). ऑगस्ट 2022 पासून लातुरातल्या एका सल्लागार कार्यालयात जलसंधारणाच्या कामांवर आहे. औसा आणि रेणापूर तालुक्यांतल्या 14 सिमेंट नाला बांधांची मोजमापे आणि बांधांजवळच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी मी स्वतः ठेवल्या. त्यांतून जे दिसले त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. एका बांधाखालची विहीर पावसाळ्यानंतर चार मीटर वर आली. तिथून दोनशे मीटरवरची दुसरी विहीर जागची हलली नाही. ओढा तोच, पाऊसही तोच.

मराठवाडा बसाल्टवर बसलेला आहे. वर मुरूम, खाली भेगांचा खडक, त्याखाली काळा पाषाण, आणि मध्येच तांबड्या मातीचा पातळ थर. पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत. भेग कुठे जाते ते वरून दिसत नाही. म्हणून आमच्याकडे अजूनही बोअर घ्यायच्या आधी पाणाडी बोलावतात, तो तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो. माझ्या काकांनी असे तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे. मी पाणाड्याला हसत नाही, कारण बांधाची जागा ठरवताना आम्ही अभियंतेही बहुतेक वेळा नाल्याचा उतार आणि काठ तेवढेच पाहतो.

भेगांच्या खडकातून पाणी कसे वाहते याचे गणिती प्रारूप करायला मला शिकायचे आहे. सच्छिद्र आणि भेगाळ माध्यमातल्या प्रवाहासाठी DuMux हे संगणकीय साधन स्टुटगार्ट विद्यापीठातच विकसित झाले. भूजल आणि दूषित जमीन यांवर मोठ्या टाक्यांत प्रयोग करणारी VEGAS ही प्रयोगशाळाही तिथेच आहे. DuMux मुक्त-स्रोत आहे, आणि माझ्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत मोठा. महागड्या परवान्याचे सॉफ्टवेअर शिकून आले, तर लातुरात ते विकत कोण घेणार? जे साधन परत आल्यावर माझ्याच संगणकावर चालेल, ते शिकण्यात अर्थ आहे.

हे भारतात शिकता येत नाही असे मी म्हणणार नाही. आयआयटी रुरकीचा जलविज्ञान विभाग नावाजलेला आहे आणि माझी पहिली पसंती तोच होता. 2024 च्या गेटच्या गुणांवर तिथे जागा मिळाली नाही. दुसरीकडे मिळाली ती संरचना अभियांत्रिकीची, म्हणजे इमारतींची. ती मी घेतली नाही. त्यानंतर एपीएसचे प्रमाणपत्र काढले, आयईएलटीएस दिली (7.0) आणि जर्मनची ए-2 पातळी पूर्ण केली. शिकवणी इंग्रजीत असली तरी घरमालकाशी आणि दुकानदाराशी बोलायला जर्मन लागेलच.

आता पैशांविषयी.

राहण्याखाण्याचा खर्च मी आपल्या नियमाप्रमाणे दरमहा 992 युरो धरला आहे, आरोग्य विमा त्यातच. वर्षाचे 11,904 युरो होतात. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये दर सेमिस्टरला 1,500 युरो शुल्क आहे, चार सेमिस्टरचे 6,000. विद्यापीठाच्या इतर सेमिस्टर आकारणीसाठी 900 युरो वेगळे धरले आहेत. दोन वर्षांचे मिळून 30,708 युरो.

पहिल्या वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड खात्यात 12 जूनला भरले आहेत. बँकेच्या आकारणीसह त्याला सुमारे 12 लाख 2 हजार रुपये लागले. त्यासाठी जमवलेली रक्कम 13 लाख 50 हजार होती: वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून 5 लाख, त्यांची मुदत संपलेली ठेव 3 लाख 40 हजार, माझी तीन वर्षांची बचत 3 लाख 10 हजार, आणि आत्याने दिलेले 2 लाख. उरलेल्या 1 लाख 48 हजारांत विमानाचे तिकीट, व्हिसा शुल्क, थंडीचे कपडे आणि खोलीची अनामत भागवायची आहे.

वडिलांच्या खात्यावर 21 मे रोजी एकदम 5 लाख जमा झालेले दिसतात. पहिल्या पत्रात मी याचा उल्लेखच केला नव्हता, आणि शंका येणे साहजिक होते. वडील 2001 पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक आहेत. ही रक्कम त्यांच्या निधीतला नापरतावा अग्रिम आहे, उसनी आणलेली नाही. मंजुरीचा आदेश जोडला आहे. आत्याचे 2 लाख परत करायचे नाहीत. तसे तिने मुद्रांकावर लिहून दिले आहे, जरी घरातल्या घरात असे लिहून मागताना आम्हालाच अवघडल्यासारखे झाले.

दुसऱ्या वर्षाचा राहण्याचा खर्च, चारही सेमिस्टरचे शुल्क आणि इतर आकारणी मिळून 18,804 युरो उरतात. युरोला 102 रुपये धरले तर 19 लाख 18 हजार. यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेने 20 लाखांचे शैक्षणिक कर्ज मंजूर केले आहे. लातुरातले आमचे राहते घर तारण आहे. शिक्षण सुरू असेपर्यंतचे व्याज वडील पगारातून भरतील. हप्ते शिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होतील. व्याजदर 10 टक्के आणि मुदत 15 वर्षे धरता हप्ता सुमारे 21,500 रुपये येतो. युरो आणखी महागला तर फरक वडिलांच्या पगारातून भागेल. त्यांच्या निवृत्तीला अजून आठ वर्षे आहेत.

विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते, हे मला माहीत आहे. जमले तर करीन, पण वरच्या हिशेबात त्या कमाईचा एक युरोही धरलेला नाही.

परतीबद्दल पहिल्या पत्रात मी "मातृभूमीची सेवा करण्यासाठी परत येईन" एवढेच लिहिले होते. त्यावर कुणी का विश्वास ठेवावा? म्हणून ठोस काय आहे ते सांगते.

ज्या कार्यालयात काम करते, त्यांनी मला नोकरीतून मोकळे केलेले नाही, दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली आहे. परतल्यावर भूजल प्रारूपाच्या कामासाठी दरमहा 60,000 रुपयांवर घेण्याचे पत्र त्यांनी दिले आहे, ते सोबत आहे. आजचा पगार 27,000 आहे. साठ हजार जर्मनीच्या मानाने काहीच नाहीत, पण लातुरात आईवडिलांच्या घरी राहून त्यातून 21,500 चा हप्ता निघतो. नोकरी करतच मृद व जलसंधारण विभागाच्या भरतीचा अर्जही करणार आहे. वयाची अट मला अडवत नाही.

पदवीनंतर काम शोधण्यासाठी 18 महिन्यांपर्यंत राहण्याची सोय जर्मन कायद्यात आहे. ती मला माहीत नाही असे भासवणे खोटेपणाचे होईल. ती घेण्याचा माझा बेत नाही, आणि कारण भावनेचे नाही, कामाचे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजते. माझ्या 14 बांधांजवळच्या विहिरी मी त्याच महिन्यांत मोजत आले. मी नसताना या नोंदी कार्यालयातला सहकारी ठेवणार आहे. मार्गदर्शकांनी मान्यता दिली तर प्रबंधही याच नोंदींवर करायचा आहे. प्रारूप खरे ठरते का, हे पुढच्या पावसाळ्यानंतरच्या मोजणीत कळेल, आणि ती मोजणी रेणापुरात होते. प्रबंध सप्टेंबर 2027 ला दिला की ऑक्टोबरच्या मोजणीपर्यंत मला परतायचे आहे.

माझा भाऊ अकरावीत आहे. गावाकडे चार एकर कोरडवाहू जमीन आहे, सातबारा वडिलांच्या नावावर. तिचे उत्पन्न मी हिशेबात धरलेले नाही. दोन वर्षे सोयाबीन बरे येते, तिसऱ्या वर्षी जाते.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. पहिल्या पत्रात हा प्रसंग मी अर्धे पान रंगवला होता. इथे तो एवढ्यासाठीच, की या विषयाकडे मी प्रवेशाच्या सोयीने वळलेली नाही.

सोबत: पासपोर्टची प्रत, प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र, पदवी व सर्व गुणपत्रके, आयईएलटीएस आणि जर्मन भाषेचे निकाल, ब्लॉक्ड खात्याचे पुष्टीपत्र, कर्जमंजुरीचे पत्र, निधी अग्रिमाचा आदेश, ठेवीची पावती, आत्याचे दानपत्र, माझी व वडिलांची सहा महिन्यांची बँक विवरणे, रजा मंजुरीचे आणि पुनर्नियुक्तीचे पत्र, आरोग्य विम्याचा पुरावा.

आणखी काही कागद हवा असल्यास किंवा मुलाखतीस बोलावल्यास मी हजर राहीन.

आपली विश्वासू,
मृणाल दत्तात्रय शेवाळे

प्रायोजकाचे निवेदन: हे पत्र मी पूर्ण वाचले आहे. पैशांचे सर्व आकडे माझ्या पासबुकाशी ताडून पाहिले आणि ते बरोबर आहेत. मुलीच्या शिक्षणाचा वर नमूद केलेला खर्च व कर्जाचे व्याज भरण्याची जबाबदारी माझी आहे.

दत्तात्रय शेवाळे
प्राथमिक शिक्षक, जिल्हा परिषद, लातूर