म्युनिकहून पत्र

आई, पप्पा,

महिना झाला की इथं येऊन. थंडी लई आहे, सकाळी शून्याच्या खाली जातंय आणि नोव्हेंबरात पाचच्या आतच अंधार, लेक्चर संपवून बाहेर आलं की रात्रच झालेली असते. पप्पा, तुमचं स्वेटर रोज आत घालतोय.

जेवण म्हणशील आई तर दुपारी कॅन्टीनला बटाटे नाहीतर पास्ता, सगळं अळणी, मग रात्री भात लावतो आणि तुझी कांदा-लसूण चटणी तेल घालून खातो. अर्धी बरणी संपली, पुरवून वापरतोय.

रविवार अवघड जातो. दुकानं बंद, रूमवर एकटाच, तुम्ही तांबडा-पांढरा करून जेवला असणार असं वाटून परवा रडू आलं, फोनवर बोललो नाही. इथले साडेतीन म्हणजे तुमचे रात्रीचे आठ, तेव्हा व्हिडिओ कॉल करत जावा, आजीला पण समोर बसवा.

तुमचा,
ओंकार