बाबांच्या कॉफीबद्दल, सगळ्यांनी वाचा

बाबा, दवाखान्यातून आल्यावर तुम्ही फोनवर "काही विशेष नाही" एवढंच म्हणालात. चिठ्ठीचा फोटो आईने पाठवला तेव्हा कळलं. बीपी १५२/९४, मागच्या आठवड्यातही जवळपास तेवढंच. रात्री अडीचला उठून तुम्ही हॉलमध्ये बसून राहता, हेही तिच्याकडूनच समजलं. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

डॉक्टरांनी कॉफी बंद करायला सांगितलेली नाही. दिवसाला दोन कप, आणि दुपारी दोननंतर नाही. सध्या तुमचे सहा होतात. कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे जेवणानंतरचा नऊचा कप रात्री दोनलाही बराचसा अंगात असतो. झोप लागणार कशी?

सकाळच्या कपाला कोणीही हात लावायचा नाही. हुबळीच्या ब्रँचला असताना घेतलेला तो पितळी फिल्टर, त्यात थेंब थेंब उतरणारं डिकॉक्शन आणि तुमचं ते पेल्यातून वाटीत वर-खाली करणं बघतच मी शाळेची तयारी करायचे. तो कप तुमचाच.

पण एकदम तोडू नका, बाबा. एक-दोन दिवसांत डोकं जड होतं, चिडचिड होते आणि माणूस पुन्हा कपाकडे वळतो. उद्यापासून नऊचा बंद. मग दर चार दिवसांनी एक कमी, आधी सहाचा, मग चारचा, मग अकराचा. दोन आठवड्यांत दोनवर येऊ. आणि त्याऐवजी चहा वाढवायचा नाही, त्यातही कॅफिन असतंच. आई, रात्री गवती चहा आणि आलं उकळून दे, चहा पावडर न घालता.

दादा, पावडर संपली की ऐंशी-वीस नको, साठ-चाळीस दळून आण. चिकोरीत कॅफिन नसतं, रंग आणि दाटपणा मात्र राहतो. वहिनी, पाहुणे आले की ट्रेमध्ये बाबांसाठी ताक ठेवशील? काका, फिरून येताना तुमचा दोघांचा हॉटेलातला कप ठरलेला असतो, माहीत आहे. महिनाभर तुम्हीही कोकम सरबत घ्या ना. समोरचा पीत असला की बाबांना नाही म्हणणं जड जातं.

आणि कोणीही बाबांना चारचौघांत टोकायचं नाही. एखाद्या दिवशी जास्त झाली तर झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

बीपी घरी रोज सकाळी कॉफीच्या आधी मोजायचं, पाच मिनिटं शांत बसून. आकडा आईच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहा, डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलंय तेव्हा तीच वही न्यायची. गोळी मात्र न चुकता.

बाबा, शनिवारी रात्री मी चिनूला घेऊन येतेय. रविवारी सकाळचं डिकॉक्शन मी लावते, आपण दोघं गॅलरीत बसून पिऊ.